कुकरच्या तासाबद्दल पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या कुकरची शिटी तुमच्या क्लासमध्ये आहे का?

हो, आहे. गेल्या आठवड्यात याच प्रश्नाचे इतके फोन आले की हे पान लिहायला घेतलं. सगळ्या शिट्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली आहे. त्या कशासाठी मागवल्या होत्या ते खाली येईलच. परत नेताना मात्र शेवटचा प्रश्न वाचून मगच न्या.

हा "कुकरचा तास" ठरवून घेतला होता का?

नाही. नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत नववी-दहावीचा क्लास चालतो आणि खाली स्वयंपाकघर आहे. जुलैतली संध्याकाळ होती. पाऊस असा, की गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं याचीच सगळीकडे चर्चा. पंधरातली सात मुलं आली होती. मी फळ्यावर "पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस" लिहिलं आणि खालून कुकरची शिटी झाली. मागच्या बाकावरचा, सहसा तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, पाणी शंभरलाच उकळतं तर डाळ पातेल्यात तासभर घेते आणि कुकरमध्ये पंधरा मिनिटांत कशी होते? पाणी तेच, गॅस तोच."

मी "दाब वाढला की उत्कलनांक वाढतो" असं उत्तर दिलं. त्यानं मान डोलावली, पण ती समजल्याची नव्हती, विषय मिटवण्याची होती. शिक्षकाला ती ओळखता येते. मग सगळी वरात खाली स्वयंपाकघरात नेली.

थर्मामीटर ९८ वरच थांबला असं मुलगी सांगते. तो बिघडलेला होता का?

नव्हता. आधी उघड्या पातेल्यात आधण ठेवलं. पाणी खळाखळा उकळायला लागलं तरी प्रयोगशाळेतला थर्मामीटर ९८ च्या पुढे सरकेना. मुलांनी तो झटकून पाहिला, मग गॅस मोठा केला. बुडबुडे वाढले, वाफ वाढली, खिडकीच्या काचा धुरकट झाल्या, पण पारा तिथंच.

शंभर अंश हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. आपल्या डोक्यावर मुंबईकरांपेक्षा तेवढी हवा कमी, म्हणून दाबही कमी. मुंबईला एका चौरस सेंटिमीटरवर हवा साधारण १.०३ किलो वजनाइतकी दाबते, तर नाशिकला सुमारे ०.९६ किलो. तेवढ्या फरकानं पाणी दोन अंश आधीच उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते ९४-९५ अंशांनाच उकळेल.

म्हणजे फळ्यावरचं माझं वाक्य आमच्याच स्वयंपाकघरात खोटं ठरलं. मुलांना याचा आनंद जरा जास्तच झाला.

मग "उकळणं" म्हणजे नेमकं काय? पाणी तापलं की वाफ तर आधीपासूनच दिसते.

सगळी गंमत इथंच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू निसटून हवेत जाणं कुठल्याही तापमानाला चालू असतं. ओला टॉवेल त्यामुळेच वाळतो. ते झालं बाष्पीभवन. उकळताना वाफ पाण्याच्या पोटात, भांड्याच्या बुडाशी तयार होते आणि तिचा बुडबुडा टिकून वर येतो. "टिकून" हा शब्द इथं महत्त्वाचा.

बुडबुड्याची स्थिती पाहा. त्याच्या आत वाफ आहे आणि ती बाहेर रेटते आहे. बाहेर पाणी आहे आणि त्या पाण्यावर सगळी हवा बसलेली आहे, ती आत रेटते आहे. आतला रेटा कमी पडला तर बुडबुडा चिरडला जातो. बाहेरच्याची बरोबरी झाली तरच तो जगतो. वाफेचा हा रेटा पाणी किती तापलं आहे यावर ठरतो. ६० अंशांना तो एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.२ किलो असतो, ८० अंशांना ०.४८ आणि ९८ अंशांना ०.९६. हा शेवटचा आकडा नाशिकच्या हवेचा. बरोबरी झाली आणि आधण आलं.

ही कुस्ती ऐकूही येते. आधण येण्याआधी पातेलं सणसण वाजतं ना, तो चिरडल्या जाणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज. बुडाशी पाणी जास्त तापलेलं असतं, तिथं बुडबुडा धरतो, थोडा वर येतो आणि वरच्या कमी तापलेल्या पाण्यात मिटतो. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे मिटायचे थांबतात आणि सणसणीचा खळखळाट होतो. माझ्या सासूबाई हे आवाजावरूनच ओळखतात. मुलं त्यांना आजी म्हणतात. त्या म्हणाल्या, "आधण येताना पाणी ओरडतं आणि आलं की बोलायला लागतं."

म्हणजे उत्कलनांक ही एकट्या पाण्याची मालकी नाही. पाणी आणि त्याच्यावर बसलेला दाब या दोघांत ठरलेला तो व्यवहार आहे. दाब बदलला की आकडा बदलणारच.

सिरिंजमध्ये गार होत आलेलं पाणी उकळलं म्हणे. हे खरं आहे का?

गार नाही, पण चहा पिण्याइतपत गरम, साधारण ६० अंशांचं. ते खरोखर उकळलं.

सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज घेतली. तिच्यात ५ मिलिलिटर गरम पाणी ओढलं, वर राहिलेली हवा दाबून पूर्ण काढली, तोंडावर रबराचा तुकडा घट्ट दाबला आणि दट्ट्या जोरात मागे खेचला. आतला दाब पडला आणि पाण्यात बुडबुडे उसळले. चूल नाही, वरून उष्णता नाही. ६० अंशांच्या वाफेचा रेटा ०.२ किलो, आणि आपण बाहेरचा दाब ओढून त्याच्याखाली आणला. बरोबरी झाली.

एका मुलीनं चांगली शंका काढली. पाण्यात विरघळलेली हवाच बाहेर आली नसेल कशावरून? ती थोडी येतेच. ओळखायचं असं, की दट्ट्या सोडला की वाफेचे बुडबुडे क्षणात नाहीसे होतात, कारण वाफेचं पुन्हा पाणी होतं. हवेचे बारीक बुडबुडे मात्र काचेला चिकटून राहतात. नळाच्या गार पाण्यानं तोच प्रयोग केला, तेव्हा फक्त चिकटणारे चार-दोन आले.

घरी करताना उकळतं पाणी सिरिंजमध्ये घेऊ नका. हात भाजतो आणि प्रयोगातली मजाही जाते, कारण ते उकळणारच होतं.

बरं, मग कुकरमध्ये काय वेगळं होतं? दाबामुळे पाणी गरम होतं का?

नाही. ही चूक बहुतेक उत्तरपत्रिकांत असते. पाणी गरम करतो तो गॅस. दाब फक्त पाण्याची पळवाट बंद करतो.

उघड्या पातेल्यात पाणी ९८ ला पोचलं की पुढची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. ती वाफ खिडकीतून जाते आणि उष्णता घेऊन जाते. म्हणून गॅस मोठा करूनही पारा हलला नव्हता. झाकण लावलं, रबर बसलं, शिटी ठेवली, की वाफेला जायला जागा नाही. ती पाण्याच्या वर साठते आणि पाण्यावरचा दाब वाढवते. आता ९८ अंशांचा बुडबुडा पुन्हा दुबळा ठरतो आणि चिरडला जातो. उकळणं थांबतं, पण गॅस चालूच असतो. उष्णतेला वाफ होऊन पळता येत नाही, म्हणून ती पाण्यातच राहते आणि पाणी तापत जातं. ९८, १०५, ११०. जितकं तापेल तितकी वाफ जोरकस, आणि वाफ जितकी साठेल तितका दाब जास्त. हे दोघं एकमेकांना ढकलत वर चढतात.

हे थांबतं शिटीच्या वजनापाशी. वाफेनं ते वजन उचललं की जास्तीची वाफ बाहेर, दाब जरा खाली, वजन परत खाली.

त्यामुळे दोन शिट्यांच्या मधे कुकरच्या आत पाणी बऱ्यापैकी शांत असतं. शिटी होते त्या क्षणी दाब किंचित पडतो आणि आतलं सगळं पाणी एकदम उसळतं. डाळीचं पिवळं पाणी शिटीबरोबरच ओट्यावर का उडतं, ते यावरून कळेल.

शिटी सराफाकडे वजन करायला का पाठवली?

कारण मागच्या बाकावरच्या त्या मुलानं विचारलं, "किती दाब होतो ते कसं कळणार? कुकरला मीटर कुठंय?" मीटर असतं की. शिटी हेच मीटर.

एका मुलीचे वडील सराफ बाजारात कामाला आहेत. ती आमची शिटी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून आलं, ६९ ग्रॅम. (सोबत वडिलांचा निरोप, "एवढं हलकं अॅल्युमिनियम सोन्याच्या काट्यावर पहिल्यांदाच आलं." ते अॅल्युमिनियम नव्हतं, पण असो.) दुसऱ्या मुलाचे वडील सातपूरच्या कारखान्यात ड्रिलिंगवर आहेत. त्यानं ड्रिलचे बिट आणले. झाकणावरच्या नळीच्या भोकात ३ मिलिमीटरचा बिट अगदी बेताचा गेला, ३.२ चा गेला नाही.

आता हिशेब. ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ ३.१४ × ०.१५ × ०.१५, म्हणजे ०.०७०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.०६९ किलो वजन बसलंय. भागाकार केला की ०.९८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो. कुकरच्या बुडावर कोरलेला आकडा पाहिला, तर १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. वर्गात इतकी शांतता मी फार वेळा ऐकलेली नाही.

हा दाब बाहेरच्या हवेच्या वरचा. नाशिकची हवा ०.९६ धरली तर आतला एकूण दाब १.९४ किलो. वाफेच्या तक्त्यात पाहिलं की वाफेचा रेटा एवढा होतो ११८-११९ अंशांना. भोक जर ३.२ च्या जवळ असेल तर दाब ०.८६ निघतो आणि तापमान ११७ च्या जरा आत. भोकाच्या मापात ०.२ मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात दोन अंशांचा फरक पडतो. म्हणून आम्ही वहीत "सुमारे ११७ ते ११९" लिहिलं.

मग बाकीच्यांनी आपापल्या घरच्या शिट्या आणल्या, आणि तुमचे फोन सुरू झाले.

थर्मामीटर कुकरमध्येच ठेवून का पाहिलं नाही?

मुलांना तेच करायचं होतं. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा असतो. पाऱ्याला पुढे जागा नसली की काच फुटते आणि डाळीत पारा. नकोच.

शिट्या मोजायच्या की मिनिटं? आमच्याकडे तूरडाळीला चार शिट्या ठरलेल्या आहेत.

आमच्याकडेही. पण हिशेब केल्यावर पहिल्या शिटीवरचा माझा विश्वास उडाला.

झाकण लावता त्या वेळी कुकरमध्ये पाण्याच्या वर हवा असते. शिटी सुरुवातीपासून ठेवली तर ती हवा आतच अडकते. तापल्यावर तिचाही दाब वाढतो आणि ९४ अंशांना ती एकटीच १.१ किलोच्या आसपास जाते. त्याच तापमानाला वाफेचा रेटा ०.८३. बेरीज १.९४. म्हणजे शिटी उचलायला लागणारा दाब झालाही, पण पाणी अजून उघड्या पातेल्यातल्या पाण्याइतकंही तापलेलं नाही! शिटीला काय, तिला हवेनं उचललं की वाफेनं, सारखंच. रबर नीट बसण्याआधी थोडी हवा निसटते, म्हणून खऱ्या कुकरमध्ये तापमान याहून थोडं जास्त असेल. पण पहिली शिटी बरीचशी हवेची असते, हे खरं. दुसऱ्या-तिसऱ्या शिटीपर्यंत हवा निघून जाते आणि मग ११७-११९ चा भाग सुरू होतो.

म्हणूनच सुट्या शिटीच्या कुकरवर जुन्या बायका नळीतून वाफेची सरळ धार यायला लागली की मग शिटी ठेवतात. मी हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "अगं, हे मी तुला लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं." सांगितलं होतं. कारण नव्हतं सांगितलं.

तर मिनिटं मोजा. वाफेची धार, मग शिटी, पहिल्या शिटीला आच मंद, आणि तिथून घड्याळ.

आच मोठी ठेवली तर लवकर शिजेल ना?

पहिल्या शिटीपर्यंत, हो. त्यानंतर नाही. आतलं तापमान शिटीचं वजन ठरवतं, गॅस नाही. मोठ्या आचेवर शिट्या धडाधड होतात, तापमान तेच राहतं, पाणी मात्र वाफ होऊन जातं.

पाणी पार संपलं तर गोष्ट बदलते. पाणी आहे तोवर दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. पाणी गेलं की ती गाठ सुटते, दाब न वाढताही भांडं कितीही तापू शकतं. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू घातलेला असतो तो याच प्रसंगासाठी. तो वितळलेला दिसला तर समजा, आत पाणी संपलं होतं किंवा नळीच्या भोकात डाळ अडकली होती. नवा घालण्याआधी नळी उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतं का पाहा.

गॅस बंद केल्यावर झाकणावर गार पाणी ओतलं तर आतून खळखळ ऐकू येते. गार केल्यावर पाणी उकळतं कसं?

ही शंका सातवीतल्या एका धाकट्या भावाची, तो पावसामुळे ताईबरोबर थांबला होता. त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न.

गार पाण्यानं झाकण थंड होतं आणि झाकणाखालच्या वाफेचं पाणी होतं. वरचा दाब एकदम उतरतो. खालचं पाणी मात्र अजून ११० च्या वर आहे. सिरिंजमध्ये दट्ट्या खेचला तेच झालं, फक्त इथं हाताऐवजी गार पाण्यानं दाब ओढला. पाणी उकळतं आणि उकळताना स्वतःच थंड होत जातं.

आता हाच प्रकार झाकण जबरदस्तीनं उघडून केला तर काय होईल, याचा हिशेब आम्ही मुद्दाम केला. आत एक लिटर पाणी ११९ अंशांचं आहे आणि दाब एका क्षणात नाशिकच्या हवेइतका झाला. पाण्याला ९८ ला यावं लागेल. वरच्या २१ अंशांची उष्णता वाफ करण्यात जाईल, म्हणजे साधारण ४ टक्के पाण्याची, ४० ग्रॅमची, वाफ. चाळीस ग्रॅम म्हणजे अडीच-तीन मोठे चमचे पाणी. पण त्याची वाफ होते ७० लिटर, आणि तीही जवळजवळ एका झटक्यात. येताना डाळ घेऊन येते. म्हणून शिटी हलकी उचलून पाहायची. फुस्स आवाज आला तर थांबायचं.

मीठ टाकल्यानंही उत्कलनांक वाढतो. मग कुकर कशाला?

लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम मीठ टाकलं तर वाढ अंशाच्या पाचव्या भागाहूनही कमी. एक अंश वाढवायला जवळजवळ ५८ ग्रॅम लागतं. वीस अंशांचं गणित तुम्हीच करा. ती डाळ खाणार कोण?

परीक्षेत काय लिहायचं? ९८ लिहिलं तर गुण जातील का?

"प्रमाण वातावरणीय दाबाला १०० अंश सेल्सिअस" असं लिहा. पहिले तीन शब्द गाळू नका. कारण विचारलं तर "द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका होतो तेव्हा द्रव उकळतो, बाहेरचा दाब वाढला की तेवढा बाष्पदाब होण्यासाठी जास्त तापमान लागतं" एवढं पुरे. सराफाचा काटा उत्तरपत्रिकेत आणू नका, तपासणारे गोंधळतील.

शिटी परत नेताना काय पाहायचं? सगळ्या सारख्याच दिसतात.

दिसतात, पण नाहीत. सात शिट्यांची सात वजनं निघाली, कारण नळ्यांची भोकं वेगवेगळी. वजन आणि भोक यांची जोडी असते. आपल्या ३ मिलिमीटरच्या भोकावर कुणाची ९० ग्रॅमची शिटी बसवली तर दाब १.२७ वर जातो, म्हणजे कुकर ज्यासाठी बनवलाय त्याच्या सव्वापट. उलट हलकी बसली तर डाळ कच्ची राहील आणि दोष डाळीला लागेल. म्हणून चिठ्ठीवरचं नाव पाहूनच न्या. चिठ्ठीमागे तुमच्या शिटीचं वजनही लिहिलंय, ते स्वयंपाकघरात कुठंतरी टिपून ठेवा. एका चिठ्ठीवर शाई पसरून नाव गेलं आहे. ती शिटी ७४ ग्रॅमची आहे आणि तिच्या कडेला छोटा पोचा आहे. ज्यांची असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर झाकणासकट या, बिट लावून पाहू.